मदत हवी आहे: आंबेवाल्यांना एकच आकडा सांगू की तासांवर काम घेऊ?

खाडीकाठ: रत्नागिरीजवळ राहतो, वेबसाइटची कामं एकटाच करतो. एका हापूस बागायतदारांना पेट्यांच्या ऑनलाइन ऑर्डरसाठी साइट हवी आहे, फेब्रुवारीअखेर. म्हणतात, "तासबीस काय नको, एकच आकडा सांग." पानं, ऑर्डर, पैसे भरणं हे ९० तासांत होईल. ७०० रुपये तासाने ६३ हजार. अडतंय ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या यंत्रणेशी जोडणी करण्यात. १५ तास लागतील किंवा ५०. वाईटात वाईट धरून ९८ हजार सांगितले तर काम हातचं जाईल. ७३,५०० सांगितले आणि ५० तास लागले तर साडेचोवीस हजार माझ्या खिशातून. काय करू?

समुद्रपक्षी: सोपं आहे. तासांवर घे आणि जोडणीला ५० तासांची मर्यादा घाल. दोघंही सुरक्षित.

मालवणकर_होमस्टे: तासांवर अजिबात नको! आमच्या बुकिंग साइटचं बिल दर महिन्याला यायचं. 'सुधारणा, २२ तास' एवढंच लिहिलेलं. कसली सुधारणा ते मला काय कळणार? तुम्ही होस्टिंगचे पैसे वेगळे घेता काय हो?

जुना_खलाशी: होस्टिंगचा धागा वेगळा काढा. पण तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. तासांवर काम दिलं की दर आठवड्याला हिशेब बघायची जबाबदारी गिऱ्हाइकावर येते. आंबेवाले सीझनमध्ये ते बघतील का?

समुद्रपक्षी, नुसत्या मर्यादेने दोघं सुरक्षित होत नाहीत. २० तासांत झालं तर याला १४ हजारच मिळणार, आणि ६५ लागले तर वरचे १५ तास फुकट. स्वस्त पडलं तर फायदा गिऱ्हाइकाचा, महाग पडलं तर तोटा याचा. मर्यादा घालायचीच तर वाचलेल्या पैशातला अर्धा वाटा याला मिळावा.

खाडीकाठ, मी असतो तर आधी दहा तासांचं तपासणीचं काम वेगळं विकलं असतं, सात हजारांना. ट्रान्सपोर्टवाल्याकडून गेल्या सीझनच्या पावत्या घे, त्यांच्या यंत्रणेत एक खोटी पेटी नोंदवून बघ. नोंद आपोआप होते की कुणीतरी हाताने एक्सेलमध्ये भरतं, एवढं कळलं तरी १५ आणि ५० मधला घोळ बराच सुटतो. मग एकच आकडा दे. काय धरलेलं नाही तेही लिही आणि बदलाचा दर तासावर ठेव.

खाडीकाठ: तपासणीचे पैसे ते देतील असं वाटत नाही. "बघायला कसले पैसे?"

जुना_खलाशी: मग ते सात हजार पुढच्या रकमेतून वजा करीन म्हण. काम पुढे नाही गेलं तरी तुझे दोन दिवस फुकट जात नाहीत. आणि एक विचार: पेटीचा दर रोज सकाळी बदलतो ना? तो कोण बदलणार, कुठल्या पानावरून?

खाडीकाठ: अरे देवा. ते ९० तासांत धरलंच नव्हतं.