मदत हवी आहे: कबड्डीची हँडिकॅप लाईन दर वेळी जास्तच निघतेय

चढाई_बहाद्दर: लोकहो जरा लवकर सांगा, संध्याकाळी मॅच आहे. मित्रांच्या ग्रुपवर लाईन, म्हणजे तगडा संघ किती गुणांनी जिंकेल तो आकडा, मी काढतो (पैसे नाहीत, नुसते गुण). पद्धत साधी, चढाईचे सरासरी गुण अधिक पकडीचे गुण, दोन्ही संघांची वजाबाकी आणि बेंच तगडा असेल तर वर २. आज अ संघ २२ आणि ११, ब संघ १८ आणि ८, म्हणजे ७, बेंचचे २ धरून ९, टाय नको म्हणून वजा ८.५ दिली. गेल्या दहाबारा मॅच तगडा संघ जिंकतो पण तेवढ्या फरकाने नाही, लाईन काही कव्हर होत नाही, सगळे माझी खेचतायत. चुकतंय कुठे?

मातीतला_गडी: चुकतंय म्हणजे आकड्यांवर कबड्डी चालत नाही रे. आमच्या वेळी डावा कोपरा बघून निकाल सांगायचो. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक उशिरा आला तर संपला विषय, हे कुठल्या सरासरीत दिसतं?

आकडेमोड्या: काका, उशिरा आला तर समोरच्याला चढाईचा गुण मिळतो, तो दिसतोच की. बहाद्दर, तू फक्त मिळवलेले गुण घेतोस. दिलेले किती? लोणचे गुण धरलेस का? आणि दोन्ही संघ पूर्ण ताकदीने उतरतायत ना?

चढाई_बहाद्दर: लोण नाही धरले. दिलेले आत्ता काढले, चढाईत अ ने २० दिलेत, ब ने १९. पकडीत अ चे चढाईपटू १० गुण देऊन येतात, ब चे ९. लीगची सरासरी चढाईत २०, पकडीत ९.५. पण अ चे २२ तर अ चेच आहेत ना, त्यात ब चा काय संबंध?

आकडेमोड्या: संबंध आहे, कारण चढाईचा गुण दोघांचा मिळून होतो. अ चे २२ आणि ब देतो ते १९, त्यातून लीगचे २० वजा, आले २१. ब चे १८ अधिक अ देतो ते २०, वजा २०, म्हणजे १८. पकडीत तसंच, अ ला ११ अधिक ९ वजा ९.५ म्हणजे १०.५, ब ला ८ अधिक १० वजा ९.५ म्हणजे ८.५. फरक ७ चा ५ झाला. अ संघ सरासरी दोन सामन्यांत एक लोण जास्त चढवत असेल तर अजून १ घाल, ६. आणि बेंचचे २ आधी काढून टाक. बेंचवर बसलेला माणूस गुण आणत नाही, कोणी बाहेर असेल तरच त्याचा हिशोब.

फँटसी_किंग: मग कॅप्टन कोणाला करू? चढाईपटू की ऑलराउंडर?

चढाई_बहाद्दर: अरे हो, सांगायचं राहिलं, अ चा मुख्य चढाईपटू खांद्यामुळे आज नाहीये.

आकडेमोड्या: धन्य आहेस! हेच आधी सांगायचं ना. तो सामन्यात किती चढाया करतो, आणि दर चढाईला गुण किती?

चढाई_बहाद्दर: १८ चढाया, दर चढाईला ०.६. चारातल्या एका चढाईत पकडला जातो. बदली पोरगा ०.४, तो जवळपास तीनात एकदा पकडला जातो. दुसरा मेन ०.५, तो पकडला जातो पहिल्याइतकाच.

आकडेमोड्या: त्या १८ सगळ्या बदलीला मिळणार नाहीत, निम्म्या दुसऱ्या मेनकडे जातील. ९ चढायांत ०.२ चा तोटा म्हणजे १.८, उरलेल्या ९ मध्ये ०.१ चा, म्हणजे ०.९. शिवाय बदली जास्त पकडला जातो त्याचे ब ला पाऊण गुण. मिळून साडेतीनच्या आसपास. ६ मधून गेले, उरले अडीच. दुसऱ्या मेनवर बोजा पडला की तोही थकतो, पण ते मी धरत नाही, मोजता येत नाही.

बेरीज_वजाबाकी: एक विसरताय. प्रो कबड्डीत ७ किंवा कमी गुणांनी हरलं तर गुणतक्त्यात १ गुण मिळतो, म्हणून हरणारा संघ शेवटी जिंकायला नाही, फरक ७ च्या आत ठेवायला खेळतो, रिकाम्या चढाया मारतो. म्हणून तुझी ८.५ कव्हर होत नव्हती. ७ च्या वरची लाईन द्यायचीच नाही.

आकडेमोड्या: ते जुनं झालं. २०२५ च्या बाराव्या हंगामात जिंकल्यावर २ आणि हरल्यावर शून्य. आता पिछाडीवरचा संघ शेवटच्या मिनिटांत उलट धोका पत्करतो, मग लोणही बसू शकतो. जुन्या सामन्यांचा फरक तसाच डेटात मिसळलास तर लाईन फसेल.

बेरीज_वजाबाकी: सवय एका हंगामात जाते होय? प्रशिक्षक तेच आहेत.

मातीतला_गडी: आणि अव्वल पकड? तीन गडी उरले की एका पकडीचे दोन गुण. कमकुवत संघच जास्त वेळ तीनवर असतो, म्हणून त्याचे पकडीचे आकडे फुगतात.

आकडेमोड्या: काका, हे मात्र पटलं. बहाद्दर, ब च्या ८ मध्ये अव्वल पकडी किती ते वेगळं काढ.

चढाई_बहाद्दर: आता वेळ नाही, टॉस झालाय. २.५ टाकली ग्रुपवर.

फँटसी_किंग: कॅप्टनचं कोणी सांगतंय का??