घसादुखीत प्रतिजैविक कधी, आणि घशाचा स्वॅब कोणाचा पाठवावा?

खानापूरची आई (प्रश्न):
माझ्या दोन्ही मुलांचा घसा एकाच आठवड्यात धरला आहे. सहा वर्षांच्या मुलाला सर्दी, खोकला आणि बसलेला आवाज आहे. अंग कोमट असले तरी ताप १००च्या आतच आहे. नऊ वर्षांच्या मुलीला एकाएकी १०२ ताप आला, एकदा उलटी झाली, पाणी गिळतानाही ती रडते, पण खोकला अजिबात नाही. मेडिकलवाले दोघांनाही अझिथ्रोमायसिन द्या म्हणतात. डॉक्टरांनी मात्र मुलाला पॅरासिटामॉलशिवाय काहीच दिले नाही आणि मुलीच्या घशाचा स्वॅब बेळगावला पाठवायला सांगितले. एकाच घरात दोन न्याय का?

सूक्ष्मजीव बेळगाव:
मी अनेक वर्षे प्रयोगशाळेत घशाचे स्वॅब तपासत आलो आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी दोन्ही मुलांच्या बाबतीत योग्य तेच केले आहे असे माझे मत आहे.

मुलाचे चित्र विषाणूचे आहे. नाक वाहणे, खोकला आणि आवाज बसणे ही तीन लक्षणे एकत्र आली म्हणजे विषाणूने नाकापासून स्वरयंत्रापर्यंतचा सगळा मार्ग धरला आहे असे समजावे. घशाला सूज आणणाऱ्या जिवाणूला, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसला, हा पसारा सहसा जमत नाही. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाहीत, तर अझिथ्रोमायसिन जिवाणूची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा बंद पाडते. विषाणूला अशी भिंतही नसते आणि प्रथिनांची स्वतःची यंत्रणाही नसते. तो आपल्याच पेशींत शिरून आपल्याच यंत्रणेवर वाढतो. त्यामुळे औषधाला मारा करायला तिथे जागाच सापडत नाही. गोळी पोटात जाते, आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना मारते, कधी जुलाब लावते, आणि घसा आपल्या वेळेनेच बरा होतो.

मुलीच्या बाबतीत डॉक्टर बहुधा गुण मोजत होते. ३८ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे सुमारे १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर एक गुण, खोकला नसेल तर एक, टॉन्सिलवर सूज किंवा पांढरे-पिवळे डाग असतील तर एक, जबड्याखाली पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी असतील तर एक, आणि वय ३ ते १४ असेल तर आणखी एक. ताप, खोकल्याचा अभाव आणि वय मिळून तुमच्या मुलीचे तीन गुण तुमच्या वर्णनातूनच होतात; डाग आणि गाठी डॉक्टरांनी पाहिल्या असतील. मुलाला वयाचा एकच गुण पडतो. शून्य किंवा एक गुण असताना स्वॅब घेऊ नये, दोनपासून पुढे घेणे उपयोगाचे ठरते. पंचेचाळीस वर्षांनंतर मात्र वयाचा एक गुण वजा होतो, कारण त्या वयात स्ट्रेप्टोकॉकसची घसादुखी क्वचित आढळते.

चिकोडी तालुका दवाखाना:
मी ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो आणि वरील मताशी पूर्णपणे सहमत नाही. बेळगाव शहरात बसून स्वॅब पाठवा म्हणणे सोपे आहे. माझ्याकडे येणारी आई एका दिवसाची मजुरी बुडवून मुलाला घेऊन येते, आणि दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन परत या म्हटले तर ती येत नाही. उपचार न झालेल्या स्ट्रेप्टोकॉकसच्या घशातून दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो आणि तो हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी करू शकतो. तरुण वयात झडप बदलावी लागलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यामुळे घसा लाल आणि अंगात ताप असलेल्या प्रत्येक मुलाला मी प्रतिजैविक देतो. ज्याला त्याची गरज नव्हती त्याचे फार नुकसान होत नाही. ज्याला गरज होती आणि ते मिळाले नाही, त्याचे आयुष्य बिघडते.

सूक्ष्मजीव बेळगाव:
झडपांची भीती खरी आहे, आणि आपल्या भागात ती बाळगलीच पाहिजे. परंतु आपण म्हणता ती घाई त्या भीतीतून निघत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. स्वॅब जिवाणू वाढवण्याच्या रक्तमिश्रित माध्यमावर लावल्यावर स्ट्रेप्टोकॉकसची वाढ एक ते दोन दिवसांत कळते. वसाहतीभोवतीचे रक्त पूर्ण विरघळून स्वच्छ कडे पडते, आणि त्यावरून संशय येऊन पुढची ओळख पटवली जाते. म्हणजे वाट पाहायला पुरेसा अवकाश आहे.

दुसरे असे की घसादुखी असलेल्या मुलांपैकी साधारण पाचात एक ते तिघांत एक इतक्यांनाच स्ट्रेप्टोकॉकस असतो. प्रौढांत तर दहात एकाच्या आसपास. प्रत्येक लाल घशाला औषध दिले, तर ते घेणारी बहुसंख्य मुले विषाणूचीच असणार. आणि नेमके अझिथ्रोमायसिन दिले, तर या जिवाणूंत त्याला दाद न देणारे प्रकार वाढत जातात. पेनिसिलिनला दाद न देणारा हा जिवाणू रुग्णांत आजवर सिद्ध झालेला नाही, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर अझिथ्रोमायसिनला हात लावण्याचे कारणच उरत नाही.

निपाणी वखार:
माझा अनुभव वेगळा आहे. मी तंबाखूच्या वखारीत काम करतो. हंगामात घसा जळतो, आवाज जाड होतो. मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या घेतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरे वाटते. दर वर्षी असेच होते. मग औषध लागू पडत नाही असे कसे म्हणता? आणि माझा स्वॅब नाकातून घ्यायचा की घशातून? कोरोनाच्या वेळी नाकातून घेतला होता.

सूक्ष्मजीव बेळगाव:
कोरोनाच्या तपासणीसाठी बहुधा नाकाच्या मागच्या भागातला नमुना घेत. स्ट्रेप्टोकॉकससाठी मात्र दोन्ही टॉन्सिल आणि त्यांच्यामागची भिंत, इतक्याच जागी काडी घोळवून फिरवावी लागते. जीभ, गाल किंवा पडजीभ लागली तर तोंडातले इतर जिवाणू माध्यम व्यापून टाकतात आणि हवा असलेला जिवाणू सापडत नाही. शिवाय स्वॅब प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावा लागतो; आधी दोन गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाचा रिपोर्ट बऱ्याचदा खोटा निरोगी येतो.

तुमच्या बाबतीत ताप नसेल तर स्वॅबची गरज नाही. धुळीने चिडलेला घसा विश्रांतीने तीन-चार दिवसांत शांत होतो, आणि विषाणूचा घसाही बहुधा आठवड्याच्या आत बरा होतो. गोळी त्याच दिवसांत घेतली गेली म्हणून श्रेय तिला मिळते. वखारीत नाक-तोंड झाकून काम करून पाहा, आणि आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ जाड राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना स्वरयंत्र दाखवाच. तंबाखूशी संबंध असलेल्या माणसाने ते टाळू नये.

शाळा संकेश्वर:
मी शिक्षिका आहे. आम्हाला असे सांगितले जाते की टॉन्सिलवर पांढरे डाग दिसले किंवा कफ पिवळा झाला की जिवाणूचा संसर्ग समजावा. मग टॉर्च लावून पाहिले तर चाचणीची गरज काय?

सूक्ष्मजीव बेळगाव:
बाई, डागांचे महत्त्व आहे, पण ते एकट्याने पुरेसे नाहीत. ॲडिनोव्हायरसने आणि ग्रंथिज्वराच्या विषाणूनेही टॉन्सिलवर हुबेहूब तसेच डाग पडतात. ग्रंथिज्वर असलेल्या किशोरवयीन मुलाला डाग पाहून अमॉक्सिसिलिन दिले, तर अनेकदा अंगभर लाल पुरळ उठते आणि घरचे आयुष्यभर 'याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे' असे सांगत राहतात. पिवळ्या कफावरून तर काहीच ठरत नाही; तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो आणि विषाणूच्या सर्दीतही येतो.

एक गोष्ट मात्र टॉर्चने पाहावीच. करडा-पांढरा, घट्ट चिकटलेला, खरवडल्यास रक्त येणारा पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली तर तो घटसर्प असू शकतो. आपल्या देशातून तो गेलेला नाही, आणि लसीच्या मात्रा चुकलेल्या मुलांत होतो. तिथे रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. तसेच तोंड उघडता न येणे, एकाच बाजूला मोठी सूज, लाळ गिळता न येणे किंवा श्वासाला आवाज येणे, यांपैकी काही दिसले तरी स्वॅबचा विचार बाजूला ठेवावा.

चिकोडी तालुका दवाखाना:
डाग आणि पिवळ्या कफाचा मुद्दा मान्य आहे. पण परत न येणाऱ्या रुग्णाचे उत्तर अजून मिळालेले नाही. चार-पाच गुण असलेल्या मुलाला मी त्याच भेटीत बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन देतो. २७ किलोच्या आतील मुलाला ६ लाख युनिट, त्यापुढे १२ लाख. दहा दिवसांचे अमॉक्सिसिलिन ताप उतरताच तिसऱ्या दिवशी बंद पडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. माझ्याकडे ना रॅपिड चाचणीचे किट असते, ना माध्यम.

सूक्ष्मजीव बेळगाव:
चार-पाच गुण असतील आणि रुग्ण परत येण्याची खात्री नसेल, तर आपल्या इंजेक्शनला मी विरोध करणार नाही. माझा विरोध प्रत्येक लाल घशाला आहे. दोन-तीन गुणांच्या मुलांचे काय, इथे आपले मतभेद राहतील. मी त्यांचा स्वॅब पाठवीन. रॅपिड किट पाच-दहा मिनिटांत उत्तर देते आणि ते 'आहे' म्हणाले तर बहुतेक खरे असते, पण 'नाही' म्हणाले तर काही मुले निसटतात, म्हणून लहान मुलांत त्यानंतरही माध्यमावर नमुना लावणे मला सुरक्षित वाटते. किट तालुक्याच्या दवाखान्यात पोचले तर आपला अर्धा प्रश्न सुटेल.

आणखी एक विनंती: घसा दुखतो म्हणून त्याच दिवशी एएसओची, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी रक्तचाचणी करून घेऊ नये. ती आजच्या जिवाणूबद्दल सांगत नाही. प्रतिपिंडे वाढायलाच एक ते तीन आठवडे लागतात. संधिवाताच्या तापाचा संशय असतानाच ती उपयोगी पडते.

खानापूरची आई:
मुलीचा रिपोर्ट काल आला, स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस वाढला आहे. डॉक्टरांनी वजन पाहून दहा दिवसांचे अमॉक्सिसिलिन दिले. आता मुलाचाही स्वॅब पाठवू का? दोघे एकाच अंथरुणात झोपतात.

सूक्ष्मजीव बेळगाव:
आत्ता पाठवू नका. शाळकरी मुलांपैकी काहींच्या घशात हा जिवाणू आजार न करता नुसता राहतो. सर्दी-खोकल्याच्या मुलाचा स्वॅब 'आहे' आला, तर तो नुसता वाहक आहे की खरोखर आजारी, हे त्या कागदावरून कळणार नाही, आणि तुम्ही विषाणूच्या सर्दीवर दहा दिवस औषध देत बसाल. त्याला पुढच्या काही दिवसांत एकाएकी ताप आला, गिळताना दुखू लागले आणि खोकला ओसरलेला असेल, तर मात्र त्याच दिवशी औषधाआधी स्वॅब घ्या. मुलीचे अंथरूण आणि पाण्याचा पेला तूर्त वेगळा ठेवा. औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि ताप नसेल तर ती शाळेत जाऊ शकते. गोळ्या मात्र दहाव्या दिवसापर्यंत चालू राहू द्या.