विमानावरचं VT : गुलामीची खूण की नुसता रेडिओचा हिशेब?

धागाकर्ता : घाटपायथा
परवा पुण्याच्या विमानतळावर बसल्या बसल्या विमानं न्याहाळत होतो. झाडून सगळ्यांवर VT. मित्र म्हणाला, हे 'व्हाइसरॉयज टेरिटरी'चं लघुरूप आहे. इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी ही पाटी आपण अजून मिरवतोय? माझं मत, बदललीच पाहिजे. तुमचं काय?

मुलुंडची लोकल
अहो, कधीच बदललं! १९९६ लाच व्हीटीचं सीएसटी झालं. आता तर सीएसएमटी.

घाटपायथा
स्टेशन नाही हो, विमान. मागच्या बाजूला VT आणि पुढे तीन अक्षरं असतात ते.

हँगर नंबर दोन
तीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली, म्हणून लिहितो. व्हाइसरॉयची गोष्ट मीही नोकरीला लागलो तेव्हा सीनियरकडूनच ऐकली होती. ती मागाहून जुळवलेली आहे. १९१९ च्या पॅरिस करारात साम्राज्यातल्या सगळ्या विमानांना G दिलं होतं आणि हिंदुस्थानची विमानं G-I होती. खरी गुलामीची पाटी म्हणायची तर ती! पुढे १९२७ मध्ये वॉशिंग्टनला रेडिओ परिषद भरली, तिथे जगभरच्या वायरलेस केंद्रांसाठी अक्षरं वाटली गेली. त्यात VTA ते VWZ हा पट्टा हिंदुस्थानच्या वाट्याला आला आणि त्याच पट्ट्यातून विमानांसाठी VT उचललं. ऑस्ट्रेलियाला VH मिळालं, ते आजही आहे. ते कुठल्या व्हाइसरॉयचं? जेआरडी १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथवरही VT-ADN च होतं.

तर्कट
काका, माहितीबद्दल आभार, पण तुम्ही माझीच बाजू भक्कम केलीत. V चे पट्टे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूफाउंडलंड, ब्रिटिश वसाहती आणि आपण, असे एकाच घरात वाटले गेले ना? मग लघुरूप खोटं असलं तरी वंशावळ खरीच. आणि अक्षरांचा राज्याशी संबंध नाही म्हणता, तर हाँगकाँगचं बघा. तिथली विमानं VR-H होती. १९९७ ला चीनकडे सत्ता गेली आणि VR पुसून B लावलं, पुढची H ने सुरू होणारी तीन अक्षरं तशीच ठेवून. फिजीनेही VQ-F सोडून DQ घेतलं. त्यांना जमतं, आपल्याला का नाही?

हँगर नंबर दोन
वंशावळीचा मुद्दा मान्य. त्यावर वाद घालणार नाही.

घाटपायथा
मग IN घेऊ या. किंवा भारत म्हणून BH.

हँगर नंबर दोन
इथेच गाडी अडते. मनाला येईल ते अक्षर घेता येत नाही, रेडिओच्या वाटपात जे आपलं आहे त्यातूनच घ्यावं लागतं. I ने सुरू होणारं सगळं इटलीचं, B चीनचं. आपल्या नावावर VT ते VW, AT ते AW आणि 8T ते 8Y एवढंच आहे. यातलं कुठलं 'भारत' म्हणून वाचता येतं, सांगा.

सायली_ठाणे
AV म्हणजे 'आपलं विमान' :)
थोडं अवांतर, पण मला हे विचारायचंच होतं. मुंबईहून इस्तंबूलला इंडिगोने गेले. तिकीट इंडिगोचं, पण त्या मोठ्या बोइंग ७७७ वर TC होतं. नवरा म्हणाला, कंपनीने विमान तुर्कांना विकलं असणार. खरं का?

मी_सांगतो
TC म्हणजे तुर्कस्तान. ही अक्षरं विमानाचा मालक कोणत्या देशाचा ते सांगतात. सोपं आहे.

हँगर नंबर दोन
देश बरोबर, मालक चूक. सायलीताई, विकलं नव्हतं. ते विमान टर्किशचंच, पायलटही त्यांचे, इंडिगोने भाड्याने घेतलं होतं. नोंद तुर्कस्तानातच राहिली, म्हणून TC राहिलं. याच्या उलटही असतं. आपल्या VT विमानांपैकी कितीतरी आयर्लंडमधल्या भाडे कंपन्यांच्या मालकीची आहेत, आपण फक्त हप्ते भरतो. अक्षरं एवढंच सांगतात की विमान कुठल्या देशाच्या वहीत चढलंय. ज्याची वही, त्याच्यावर ते उडण्यालायक आहे की नाही हे बघायची जबाबदारी. आमच्या कामात हे रोज लागायचं. कागद तपासताना मालकाचं नाव नंतर, आधी दरवाज्याजवळची ती छोटी पाटी बघायची. ती न जळणाऱ्या धातूची असते आणि तिच्यावर हीच अक्षरं कोरलेली असतात. बाकी सगळं जळालं तरी विमान कुठल्या वहीतलं ते कळावं म्हणून.

तर्कट
म्हणजे नुसती कागदी गोष्ट. मग बदलायला एवढी खळखळ का?

हँगर नंबर दोन
कागदी आहे, पण कागद फाटला की काय होतं ते रशियाने दाखवलं. त्यांच्या विमान कंपन्यांची सातशेहून जास्त विमानं परदेशी मालकांची होती आणि नोंद बर्म्युडात, म्हणून अंगावर VP-B किंवा VQ-B. मॉस्कोत उडणारं विमान अटलांटिकमधल्या बेटाच्या वहीत! फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्बंध आले. बर्म्युडाने सांगितलं, ही विमानं ठीक आहेत की नाहीत हे आम्हाला आता तपासता येत नाही, आणि १२ मार्चला प्रमाणपत्रं स्थगित केली. रशियाने दोन दिवसांत कायदा करून तीच विमानं आपल्या वहीत चढवायला सुरुवात केली, RA रंगवून. पण १९४४ च्या शिकागो कराराचं १८ वं कलम म्हणतं, एका वेळी दोन देशांत नोंद चालत नाही. त्या जूनमध्ये एरोफ्लोटचं एक एअरबस कोलंबोत उतरलं, तर आयरिश भाडे कंपनीच्या दाव्यावरून ते अडकवून ठेवलं. काही दिवसांनी सोडलं, पण प्रवासी लटकलेच.

मी_सांगतो
तरी साधारण अंदाज येतोच की देशाचा. B दिसलं की चीन.

तर्कट
तैवानच्या विमानांवरही B च असतं. तिकडे जाऊन तेवढं बोला :) फरक फक्त पुढे, त्यांचे पाच आकडे असतात.

उरणची होडी
मग मोदी ज्यातून जातात त्यावर VT का दिसत नाही?

हँगर नंबर दोन
ती दोन ७७७ आधी एअर इंडियाकडे VT-ALV आणि VT-ALW होती. हवाई दलाकडे गेल्यावर K7066 आणि K7067 झाली. लष्करी विमानांना हा करार लागू नाही.

तर्कट, बदलायला एवढी खळखळ का, असं विचारलंत. रंग हा किरकोळ भाग आहे. पंखाखाली निदान ५० सेंटिमीटर आणि धडावर ३० सेंटिमीटर उंचीची अक्षरं, एका रात्रीत होतात. पण नोंदणी, एअरवर्दिनेस, रेडिओ परवाना, विमा, भाडेकरार, सगळ्यांवर तेच नाव. प्रत्येक विमानामागे एवढे कागद एकाच वेळी फिरवायचे, तेही विमान जमिनीवर न ठेवता. कॅनडाने १९७४ पासून CF-ABC चं C-FABC केलं, नुसती रेघ सरकवून. तेही सगळ्यांचं एका दिवसात झालं नाही.

तर्कट
म्हणजे सावकाश केलं तर जमतं. नवीन येणाऱ्या विमानांना नवीन अक्षरं, जुन्यांना भाडं संपेपर्यंत VT. माझं मत बदललेलं नाही.

हँगर नंबर दोन
असं केलं तर जमेल, हे खरं. माझंही मत तेच राहील. त्या वेळात मी दोन विमानं तपासून सोडीन.

घाटपायथा
काका, व्हाइसरॉयची गोष्ट मित्राला सांगून टाकतो. IN चा हट्टही सोडला. पण पट्टा आपलाच आहे तर AW का नको? निदान साम्राज्याच्या वाटपातलं तरी नाही.

सातारचा हॅम
आणि आमचं काय? मी हौशी रेडिओवाला, माझी कॉल साइन VU2 ने सुरू होते. विमानांचं VT गेलं तर पुढचा धागा आमच्यावर काढणार का?