मदत हवी आहे: हात स्टिअरिंगवर असूनही गाडी 'हात ठेवा' का म्हणते?

हायवेवर लेन असिस्ट आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावलं की सरळ रस्त्यावर थोड्या वेळाने स्क्रीनवर स्टिअरिंग धरलेल्या हातांचं चित्र येतं, मग बीप सुरू. हात तर तिथेच असतात! वळणांवर मात्र हे होत नाही. म्हणून माझा अंदाज असा, की माझ्या गाडीत स्पर्श ओळखणारं स्टिअरिंग नसून टॉर्क सेन्सर आहे. हाताचा किंचित पीळ लागला तरच त्याला हात कळतात. नुसते टेकवलेले हात त्याच्या लेखी नाहीतच. एका बाजूला हाताचं वजन हलकंच सोडलं की इशारा जातो. हे बरोबर आहे ना?

खरा घोळ दुसऱ्या इशाऱ्याचा, डोळ्याच्या चित्राचा. तो स्टिअरिंग हलवून जात नाही, त्याला नजर रस्त्यावर हवी असते. पण एक ठरावीक गॉगल घातला की समोर बघत असतानाही तो वाजतो, काढला की शांत. नजर तपासणारा गाडीतला कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाशात बघतो, तेव्हा ही काच तो प्रकाश अडवत असेल का? दुकानात घेण्याआधी हे कसं तपासायचं?

आणखी एक: कॅमेरा स्टिअरिंगच्या मागे आहे. हात वरच्या बाजूला धरला तर चेहरा झाकला जाऊन हाच इशारा येतो, की वेगळा?

स्टिअरिंगला वजन लटकवायचे सल्ले कृपया नकोत.