उत्तर: विक्रीच्या दिवसापर्यंतचे व्याज

«सरकारी रोख्याचे मागचे व्याज १५ एप्रिलला मिळाले आणि रोखा ९ सप्टेंबरला विकला. १५ एप्रिल ते ९ सप्टेंबर २०२५ म्हणजे १४७ दिवस होतात, मग सौदापत्रकात १४५ दिवसांचेच व्याज का?»

सौदापत्रकातला आकडा बरोबर आहे. सरकारी रोख्यात व्याज सौद्याच्या नव्हे, तर पैसे आणि रोखा हस्तांतरित होण्याच्या दिवसापर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी, १० सप्टेंबरपर्यंत मोजतात. शिवाय इथे प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचे धरले जाते. त्यामुळे १५ एप्रिल ते १५ ऑगस्ट हे १२० दिवस, त्यापुढे १० सप्टेंबरपर्यंत २५ असे १४५ होतात.

कोथरूडच्या एका काकूंनाही असेच दोन दिवस बुडाल्यासारखे वाटले होते, म्हणून रक्कमच मांडतो. एक लाख दर्शनी किमतीवर ७.२० टक्के म्हणजे वर्षाला ७,२०० रुपये. ३६० ने भागले की रोजचे २० आणि १४५ दिवसांचे २,९००. तुमच्या पद्धतीने ३६५ ने भागून १४७ दिवस धरले, तर २,८९९.७३ येतात, म्हणजे नुकसान काहीच नाही.

शंभर रुपये दर्शनी किमतीमागे भाव ९८.४० असेल, तर खरेदीदार ९८,४०० अधिक २,९०० असे १,०१,३०० देतो. १५ ऑक्टोबरला त्याला सहामाहीचे पूर्ण ३,६०० मिळतात, पण त्याचे स्वतःचे ३५ दिवसांचे ७००च असतात. कंपन्यांच्या रोख्यांत मात्र बहुधा प्रत्यक्ष दिवस मोजतात, तेव्हा तिथे आधी माहितीपत्रकातली दिवसगणना पाहावी.