मदत हवी आहे: चौथ्या आठवड्यातच नडगी दुखायला लागली, किमी कसे वाढवू?

उपवन_पळपुटी: नमस्कार, वय ४१, ठाण्यात राहते, ऑगस्टच्या शेवटी पळायला लागले. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची १० किमी पळायची आहे. आठवड्यातून तीनच दिवस जमतं कारण बाकीच्या सकाळी डबे असतात. आतापर्यंत आठवड्याला ८, मग १२, मग १७ आणि परवाच्या आठवड्यात २२ किमी झाले (५, ६ आणि रविवारी ११). पेस नेहमी ६:३० च्या आसपास ठेवते, त्याहून हळू गेलं की पळतेय असं वाटतच नाही. ५ किमीचा बेस्ट ३१ मिनिटं. आता डाव्या नडगीच्या आतल्या कडेला वीसेक मिनिटांनी दुखायला लागतं, घरी जिना उतरतानाही जाणवतं. बुटांचा प्रॉब्लेम आहे की प्लॅनचा??

सॅंडी७७: दहा टक्क्यांचा नियम मोडलात, दर आठवड्याला १०% च्या वर जायचंच नाही. आणि हार्ट रेट बघा, २२० वजा वय म्हणजे तुमचा मॅक्स १७९, त्याच्या ७०% म्हणजे १२५ च्या खाली पळा, संपला विषय.

घाटवाट: सॅंडी, १२५ वर नवीन माणूस पळूच शकत नाही, चालावं लागेल :) त्या फॉर्म्युल्यात माणसामाणसात दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. दहा टक्क्यांचंही तसंच, ८ किमीवर १०% म्हणजे पाऊण किमी, एवढं मोजत बसण्यात अर्थ नाही. पण ८ चे २२ तीन आठवड्यांत झाले, ते जास्तच आहे.

ताई, मला खरी गडबड पेसमध्ये दिसते. ३१ मिनिटांत ५ किमी म्हणजे ६:१२ चा पेस. त्या हिशोबाने तुमचा टेम्पो, म्हणजे दोन-चार शब्दांच्या वर बोलता येत नाही तो, ६:२५ च्या आसपास येतो. तुम्ही ज्याला नेहमीचं पळणं म्हणताय ते जवळपास टेम्पोच आहे, तोही आठवड्यातून तिन्ही दिवस आणि रविवारी ११ किमी! तुमचा ईझी पेस ७:३० ते ८:१५. पळता पळता फोनवर अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे.

आधी नडगी बोटाने दाबून बघा. आतल्या कडेला बऱ्याच लांबीवर दुखत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट. एकाच ठिकाणी, बोटाएवढ्या जागेत टचकन दुखत असेल, रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल किंवा त्या पायावर उडी मारता येत नसेल तर पळणं बंद आणि ऑर्थोपेडिककडे, कारण तो स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतो.

मनीषा_के: ताई, वजन किती कमी झालं ते सांगा ना, मी पण चालू करणार आहे. आणि पळण्याआधी केळं खायचं की नाही?

उपवन_पळपुटी: मनीषा, वजनाचं माहीत नाही गं, काटाच नाहीये घरी. घाटवाट दादा, दाबून बघितलं, वीतभर जागेत हलकं दुखतंय, एका ठिकाणी नाही, रात्री काही नाही. आता पुढे कसं करू?

घाटवाट: मग भरभर चालताना दुखायचं थांबेपर्यंत पळू नका, आठवडा-दहा दिवस जातील. नंतर २२ पासून सुरू करायचं नाही. १२, १४, १६ असे तीन आठवडे, चौथा रिकव्हरीचा ११ चा. पाचवा परत १६ ने सुरू (४, ५ आणि ७), मग १८, २०, आणि आठवा १४ चा. रिकव्हरीच्या आठवड्यात दिवस तीनच ठेवा, प्रत्येक रन लहान करा, मुख्य म्हणजे रविवारचा. तोपर्यंत सगळं ईझी. आठव्यानंतर एका दिवशी ५-५ मिनिटं तीनदा ६:२५ ने, मध्ये दोन मिनिटं चालायचं. सुरुवातीच्या आठवड्यांत दुखणं परत आलं तर मागच्या आठवड्याचे आकडे पुन्हा करा, पुढे ढकलू नका.

साताऱ्याची_सई: मी ४८ ची आहे, मला चौथा आठवडा फार उशिरा येतो, तिसऱ्यातच पाय जड होतात म्हणून मी दोन वाढवून तिसरा कमी करते. चाळिशीनंतर तेच बरं पडतं असं माझं मत.

घाटवाट: चालेल की, सई ताई. मी स्वतः तीन-एक करतो. तिसऱ्या आठवड्यात पाय काय म्हणतात ते बघून ठरवा.

सॅंडी७७: इतकं हळू पळून १० किमी कधी फास्ट होणार पण?

उपवन_पळपुटी: बारा दिवसांनी अपडेट. काल ४ किमी ८:०५ ने पळले, नडगी ठीक, पण तलावाला फेऱ्या मारणारे एक आजोबा चालत मला ओव्हरटेक करतील की काय असं वाटत होतं. एक कळलं नाही, श्वास अगदी आरामात होता, आईशी फोनवर भाजीचे भाव बोलत होते तरी घड्याळात हार्ट रेट १६५??

घाटवाट: कॅडन्स किती दाखवतंय?

उपवन_पळपुटी: १६४, १६५.

घाटवाट: मग घड्याळ बहुधा ठोके सोडून पावलं मोजतंय, मनगटावरच्या सेन्सरचं घामात असं होतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधून बघा. तरीही १६५ च आला तर इथे टाका, मग बघू.