मदत हवी आहे: कांदा-मल्चिंगच्या दोन वर्षांच्या प्रयोगाचा ॲब्स्ट्रॅक्ट, 'पूल्ड' आकडा द्यावा की वर्षवार?

रब्बीकांदा_पुणे:
नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी. करते. प्रयोगाचं शेत खेड तालुक्यात आहे. रब्बी कांद्यावर सलग दोन हंगाम मल्चिंगचा प्रयोग झाला, आता पेपर पाठवायचा आहे आणि गाडी ॲब्स्ट्रॅक्टवर अडली आहे. मर्यादा २५० शब्दांची.

ट्रीटमेंट चार: आच्छादन नाही, चंदेरी-काळा प्लॅस्टिक पेपर, गव्हाचा भुसा आणि उसाचं पाचट. साधं आरबीडी, पाच रेप्लिकेशन, लावणी १५ बाय १० सेंमी, पाणी ठिबकवर. पेपर छापायचा असल्यामुळे खरे आकडे देत नाही, चित्र तेच राहील असे गोल आकडे लिहिते. उत्पादन टन प्रति हेक्टर:

पहिलं वर्ष: आच्छादन नाही २४, प्लॅस्टिक ३२, भुसा २७, पाचट २८.
दुसरं वर्ष: आच्छादन नाही २६, प्लॅस्टिक २७, भुसा ३०, पाचट ३१.

दोन्ही वर्षी सीडी २.५ च्या आसपास, एरर मीन स्क्वेअर साधारण ३.३.

मी लिहिलेलं मुख्य वाक्य असं: 'दोन वर्षांच्या सरासरीनुसार प्लॅस्टिक आच्छादनाने उत्पादन १८ टक्क्यांनी लक्षणीय वाढले.' हिशोब बरोबर आहे, २५ वरून २९.५. पण वाचताना मलाच ते खटकतं. सरांना पूल्ड आकडाच हवा आहे. काय करू?

फील्डबुक:
एररची बार्टलेट चाचणी केलीत का? दोन्ही वर्षांचा एरर सारखा असेल तर बिनधास्त पूल करा. आमच्या विभागात सगळे तसंच करतात. सीव्हीही दहाच्या आत दिसतोय. वाक्य ठीक आहे, पाठवून द्या.

चासकमान_कांदा:
ताई, मी शेतकरी आहे. मागच्या वर्षी मीही २५ मायक्रॉनचा पेपर टाकला होता. फेब्रुवारीपर्यंत पात बघून गावातले लोक बांधावर येऊन थांबायचे. मग काढणीच्या तोंडावर अवकाळी झाला. पेपर उचलून पाहिला तर खालची माती हातात घेतली की चिखलासारखी लागायची, आणि बऱ्याच कांद्यांची मान जाड राहिलेली, दाबली की बोट आत जायचं. शेजाऱ्याच्या उघड्या वाफ्यात दोन दिवसांत वाफसा आला होता. आता मला सांगा, ३० मायक्रॉनचा घेतला तर फरक पडेल का?

तपासनीस:
एका कृषी नियतकालिकासाठी बरीच वर्षं पेपर तपासतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फील्डबुक यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बार्टलेट चाचणी फक्त एवढं सांगते की दोन्ही वर्षांची चूक एकाच मापाची आहे, म्हणजे दोन्ही वर्षांचा डेटा एकत्र विश्लेषणाला घेता येतो. ट्रीटमेंटचा क्रम दोन्ही वर्षी तोच राहिला का, याबद्दल ती काहीच बोलत नाही. ते कळतं वर्ष गुणिले ट्रीटमेंट या इंटरॅक्शनवरून.

तुमच्याच गोल आकड्यांवर हिशोब केला. इंटरॅक्शनचं मीन स्क्वेअर ३७ च्या थोडं वर येतं. त्याला ३.३ ने भागलं की एफ ११ च्या पुढे, म्हणजे इंटरॅक्शन स्पष्टपणे लक्षणीय. वर्षं ही 'अशा कुठल्याही हंगामांचा नमुना' धरली, तर ट्रीटमेंटची चाचणी एररवर नाही, इंटरॅक्शनवर घ्यावी लागते. तिथे ट्रीटमेंटचं ४५.६ भागिले ३७.३ केलं की एफ जेमतेम १.२ येतो. ३ आणि ३ डिग्रीला तक्त्यातली किंमत ९.२८ आहे. म्हणजे ज्या वाक्यात तुम्ही 'लक्षणीय' लिहिलंय, तिथे तो शब्द टिकत नाही.

आता सरासरी बाजूला ठेवून वर्षवार पाहा. पूल्ड सरासरीत प्लॅस्टिक आणि पाचट दोन्ही २९.५. वाचणाऱ्याला वाटेल दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी प्लॅस्टिक पाचटाच्या ४ टन पुढे होतं, दुसऱ्या वर्षी तेवढंच मागे, आणि दोन्ही फरक सीडीच्या वर आहेत. दुसऱ्या वर्षी तर प्लॅस्टिक आणि उघडा वाफा यांत एकाच टनाचा फरक, तो सीडीच्या आत. पाचट मात्र उघड्या वाफ्यापेक्षा पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी ५ टनांनी पुढे. भुसाही दोन्ही वर्षी पुढेच. तुमच्या पेपरचा निष्कर्ष हाच आहे, आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये नेमका तोच नाही.

एक प्रश्न. दुसऱ्या वर्षी पाऊस झाला होता का? सडलेले आणि जाड मानेचे कांदे वेगळे मोजले होते का?

रब्बीकांदा_पुणे:
झाला होता. मार्चमध्ये, काढणीला तीन आठवडे असताना, सलग दोन दिवस. सड दुसऱ्या वर्षी वेगळी तोलली, प्लॅस्टिकच्या प्लॉटमध्ये जास्त होती. पहिल्या वर्षी मात्र सगळं एकत्रच तोललं. तेव्हा सड दिसलीच नाही, म्हणून रकानाच केला नव्हता.

तपासनीस:
मग 'पावसामुळे प्लॅस्टिकचं उत्पादन घटलं' असं लिहू नका. पहिल्या वर्षीचा सडीचा आकडा नाही, आणि पाऊस ही तुमची ट्रीटमेंटही नव्हती. 'काढणीपूर्वी पाऊस झालेल्या दुसऱ्या हंगामात' इतकंच लिहा आणि सडीचा आकडा त्याच हंगामाचा म्हणून द्या. कारणांची चर्चा पेपरच्या आत करा. चासकमानच्या भाऊंनी सांगितलेला वाफशातला फरक तिथे शक्यता म्हणून येऊ शकतो, तुमच्याकडे मातीतल्या ओलाव्याच्या नोंदी असतील तर.

फील्डबुक:
हे पटलं. पण एका मुद्द्यावर मी अडून आहे. दोनच वर्षं असताना त्यांना नमुना धरून ३ डिग्रीवर चाचणी घेणं म्हणजे काहीच लक्षणीय येऊ न देणं. वर्षं फिक्स्ड धरली तर ट्रीटमेंट एररवरच तपासायची असते.

तपासनीस:
धरता येतात, त्यावर मतभेद आहेतच. पण मग तुमचं विधान त्या दोन वर्षांपुरतंच राहतं, 'शेतकऱ्यांनी प्लॅस्टिक वापरावं' अशी शिफारस त्यातून निघत नाही. आणि फिक्स्ड धरा किंवा नका धरू, क्रम उलटला ही गोष्ट लपवता येत नाही.

रब्बीकांदा_पुणे:
आता असं लिहिलंय: 'वर्ष आणि आच्छादन यांची आंतरक्रिया लक्षणीय आढळल्याने निष्कर्ष वर्षवार दिले आहेत. पाचट आणि भुसा यांनी दोन्ही वर्षी आच्छादनविरहित वाफ्यापेक्षा लक्षणीय जास्त उत्पादन दिले आणि ते परस्परांशी समतुल्य राहिले. प्लॅस्टिकने पहिल्या वर्षी सर्वाधिक उत्पादन दिले, परंतु काढणीपूर्वी पाऊस झालेल्या दुसऱ्या हंगामात ते आच्छादनविरहित वाफ्याशी समतुल्य होते.' पुढे त्या हंगामाच्या सडीचं एक वाक्य आहे. शीर्षकातलं 'प्लॅस्टिक' काढून 'विविध आच्छादने' केलं. सरांना अजूनही पूल्ड तक्ता हवाच आहे. तो पेपरमध्ये आंतरक्रियेच्या ओळीसकट देईन, ॲब्स्ट्रॅक्टमध्ये नाही. त्यावर उद्या पुन्हा बोलणं आहे.

चासकमानचे दादा, आमच्याकडे एकाच जाडीचा पेपर होता, त्यामुळे ३० मायक्रॉनबद्दल माझ्याकडे काही पुरावा नाही.

चासकमान_कांदा:
राहू द्या पेपर मग. पाचट एकरी किती टाकलं आणि कधी, तेवढं सांगा. माझा ऊस फेब्रुवारीत तुटतो, कांदा लागतो डिसेंबरात.

रब्बीकांदा_पुणे:
हेक्टरी ६ टन, म्हणजे एकरी अडीच टनांच्या जरा खाली. लावणीनंतर पंधराव्या दिवशी, रोपं उभी राहिल्यावर, कोयत्याने बारीक करून दोन ओळींमध्ये हाताने पसरलं. लांब पात तशीच टाकली तर रोपं दबतात, आमच्या एका प्लॉटची कडेची ओळ तशी दबली होती. तुमचा ऊस उशिरा तुटत असेल तर आधी तुटलेल्या कुणाच्या फडातून पाचट घ्यावं लागेल.